काठाला धूळ लागलेला शेतकरी रत्नागिरीत कुठून आला?

१/
जनजागृतीच्या फलकावरचा मराठी शेतकरी ओळखायला अवघड नाही. डोक्यावर मुंडासे, अंगात बंडी, घोट्यापर्यंत उतरलेले पांढरे धोतर, धोतराच्या काठाला लागलेली मातकट धूळ आणि मागे भेगाळलेली जमीन. फलक पीकविम्याचा असो, माती परीक्षणाचा असो वा साथरोगाचा, माणूस तोच असतो. सोलापुरात टांगला जातो तसाच तो रत्नागिरीतही टांगला जातो. या धाग्याचे म्हणणे असे की रत्नागिरीत हा वेश खोटा आहे आणि त्या खोटेपणाची किंमत शेतात उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते.

२/
सुरुवात त्या काठापासूनच करणे योग्य. वस्त्राच्या काठाला धूळ लागण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात. वस्त्र जमिनीजवळ पोचलेले असावे लागते आणि जमीन कोरडी असावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. भाताची पेरणी, चिखलणी, लावणी आणि बेणणी याच काळात होते. म्हणजे ज्या दिवसांत येथील शेतकरी सर्वाधिक वेळ शेतात असतो, त्या दिवसांत त्याच्या शेतात धूळ नावाची वस्तूच नसते.

३/
दुसरी अट तर त्याहून बोलकी आहे. भाताच्या खाचरात पिंढरीपर्यंत पाय रुततात. अशा ठिकाणी घोट्यापर्यंतचे धोतर नेसून कोणी उतरत नाही. जुन्या काळचा कोकणी कुळवाडी शेतात लंगोटी लावून उतरे. बाई लुगड्याचा कासोटा घट्ट मारून ते गुडघ्यापर्यंत वर खोचून घेई. घोट्यापर्यंत रुळणारे वस्त्र बांधावर उभ्या असलेल्या माणसाचे असते. फलक तयार करणाऱ्याने काठावर धूळ उडवून कष्टाची खूण दाखवली, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने चिखलात न उतरलेला माणूस रंगवला.

४/
बांधावरचा माणूस आणि खाचरातला माणूस हा फरक रत्नागिरीच्या इतिहासात क्षुल्लक नाही. या जिल्ह्यात दीर्घकाळ खोती पद्धत होती. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोताकडे होती आणि जमीन कसणाऱ्या कुळाकडून तो पिकाचा वाटा घेई. अर्धल म्हणजे निम्मे पीक, तिर्धल म्हणजे तिसरा हिस्सा, हे शब्द येथील जुन्या कागदपत्रांत पदोपदी भेटतात. १८८० मध्ये खोतीसाठी स्वतंत्र कायदा झाला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने.

५/
ज्या जिल्ह्यात शेत कोण पाहतो आणि शेत कोण कसतो यावर दोन पिढ्या झगडा चालला, त्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या अंगावर कोणता कपडा चढवायचा हा निव्वळ सजावटीचा प्रश्न राहत नाही. कपड्याची लांबी तेथे माणसाची जागा सांगते.

६/
मग हा एकसाची शेतकरी आला कुठून? त्याचा एक पूर्वज मुंबईच्या छायाचित्रांत सापडतो. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबईत राहणाऱ्या व येथे येणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींची छायाचित्रे त्यात होती. छायाचित्रणावरील पुस्तकांच्या इतिहासात ते महत्त्वाचे मानले जाते. त्यातील एक गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. माणसांची छायाचित्रे एका ठिकाणी घेतलेली होती आणि त्यांच्या मागे दिसणारी स्थळे दुसरीच होती. आकृती वेगळी काढून ती निराळ्या पार्श्वभूमीवर बसवलेली होती.

७/
यामागे तांत्रिक कारण होते. त्या काळच्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत माणसाला काही सेकंद निश्चल उभे राहावे लागे आणि काच ओली असतानाच ती अंधाऱ्या जागी नेऊन धुवावी लागे. त्यामुळे माणसे प्रकाशाची सोय असलेल्या ठिकाणी बोलावणे सोपे होते. पण परिणाम असा झाला की वेश हीच माणसाची ओळख ठरली आणि त्याची भूमी मागून बदलता येणारा पडदा झाली. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी पाठबळाने ‘पीपल ऑफ इंडिया’ ही आठ खंडांची मालिका निघाली. जात, तिचा नमुना आणि नमुन्याचा पोशाख अशी वर्गवारी तिने आणखी घट्ट केली.

८/
आजचा फलक नेमके हेच करतो. माणूस एका जागी उभा करायचा, त्याला ठरलेला वेश चढवायचा आणि मागे हवी ती जमीन लावायची. जॉन्सनकडे निदान तंत्राची अडचण होती. आज भर पावसात खाचरात उभ्या असलेल्या बाईचे छायाचित्र खिशातल्या फोनवर निघते. तरीही वेश गोदामातून येतो, याला तंत्र जबाबदार नाही. सवय जबाबदार आहे.

९/
याच्या अगदी उलट टोकाला जोतीराव फुले उभे आहेत. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ मध्ये पुरा केला. त्यात एका शेतकऱ्याचे जे वर्णन येते ते पोशाखाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. पागोट्यावर चादर बांधलेली, अंगात खादीची दुहेरी बंडी, गुडघ्यापर्यंतचा चोळणा, पायांत जुना सातारी जोडा. कपड्यांवर शिमग्यातल्या रंगाचे डाग राहिलेले. टाचा जाड, पण भेगा पडून उकललेल्या आणि त्यामुळे चालण्यात किंचित लंगडेपणा.

१०/
या वर्णनात एकही डाग शोभेसाठी नाही. रंगाच्या डागांवरून कळते की शिमगा होऊन गेला आहे, म्हणजे दिवस उन्हाळ्याचे आहेत. सणातले कपडेच रोजच्या वापरात आहेत, म्हणजे दुसरा जोड नाही. जोडा सातारी, म्हणजे माणूस कोणत्या मुलखातला ते समजते. भेगाळलेल्या टाचेने त्याची चाल बदलली आहे, म्हणजे मळ नुसता अंगावर बसलेला नाही, तो शरीरात शिरला आहे. फुल्यांचा शेतकरी देशावरचा आहे आणि म्हणून त्याचा वेश देशावरचा आहे. कोकणातील कुळाचे चित्र म्हणून त्यांनी तो पुढे केला नाही.

११/
फुल्यांनी हा वेश केवळ लिहिला नाही, तो स्वतः अंगावर घेतला. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. दागदागिने घालून आलेल्या निमंत्रितांत फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि त्यांनी राजपुत्राला सुनावले की या दालनातील भरजरी पोशाखांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नये, खरी प्रजा खेड्यांत आहे. जनजागृतीसाठी शेतकऱ्याचा वेश घेण्याचे महाराष्ट्रातील हे बहुधा सर्वात प्रसिद्ध उदाहरण.

१२/
येथे आक्षेप घेता येईल की फुलेसुद्धा वेशांतरच करत होते. ते पुण्यातील कंत्राटदार होते, काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते, रोज घोंगडी पांघरून हिंडत नव्हते. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. फुल्यांच्या वेशाला तोंड होते. तो वेश कोणासमोर, कोणत्या दालनात आणि कोणत्या वाक्यासाठी घातला, हे ठरलेले होते. त्या कपड्याची प्रत्येक खूण त्यांनी पाच वर्षांपूर्वी कागदावर उतरवली होती. फलकावरच्या शेतकऱ्याला मात्र बोलायचे नसते. त्याच्या वेशाने फक्त एवढेच सांगायचे असते की हा गरीब आहे आणि हा विषय त्याच्यासाठी आहे.

१३/
आता रत्नागिरीचा खरा शेतवेश पाहू. भातशेतीचे वर्ष येथे पावसाच्या बरेच आधी सुरू होते. उन्हाळ्यात तरव्याच्या जागी शेण, पालापाचोळा, कवळ म्हणजे झाडांच्या छाटलेल्या फांद्या आणि वर मातीचा थर पसरून तो भाजतात. याला राब भाजणे किंवा भाजवळ म्हणतात. जमिनीतील तणाचे बी जळावे आणि राख मिळावी हा हेतू. या दिवसांत जमीन खरोखर कोरडी असते आणि कपड्यांवर माती बसते. पण ती माती जांभ्या दगडाची, तांबडी असते आणि तिच्यावर राखेचा काळा थर असतो. फलकावरची पिवळट करडी धूळ येथे उन्हाळ्यातही नसते.

१४/
जूनमध्ये पाऊस लागला की वेश बदलतो. पुरुषाच्या डोक्यावर घोंगडीची खोळ येते. घोंगडी मध्ये दुमडून तिचे एक टोक टोपीसारखे डोक्यावर घेतले की पाठीवरून पाणी निथळते आणि दोन्ही हात नांगराला मोकळे राहतात. बाईच्या पाठीवर इरले येते. बांबूच्या पातळ पट्ट्यांची जाळी विणून तिच्या दोन थरांमध्ये पाने दाबून इरले करतात. त्याचा आकार डोक्यापासून पाठीच्या खालपर्यंत उतरणाऱ्या शिंपल्यासारखा असतो, कारण लावणी करणारी बाई तासन्‌तास कमरेत वाकलेली असते आणि पाऊस तिच्या पाठीवर पडत असतो. इरल्याचा आकार म्हणजे लावणीच्या कामाचा आकार.

१५/
घोंगडी आणि इरले आता क्वचित दिसतात. त्यांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला, पण तो घेण्याची तऱ्हा तीच राहिली. डोक्यावर खोळ, पाठ झाकलेली, हात आणि पोटऱ्या उघड्या. पुरुष अर्धी विजार आणि जुना टी-शर्ट घालतो. बाई साडीवर किंवा गाऊनवर घरातल्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते. बैलांची जागा अनेक ठिकाणी पॉवर टिलरने घेतली आहे. हा वेश कोणाला चित्रात घालण्याजोगा वाटत नाही. परंतु रत्नागिरीच्या रस्त्याने जुलैत जाणाऱ्याला दोन्ही बाजूंना दिसतो तो हाच.

१६/
आणि त्या खाचरात बहुधा बाई दिसते. एकोणिसाव्या शतकापासून रत्नागिरीचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात रोजगारासाठी गेले. घर मनीऑर्डरवर आणि शेत बायकांच्या हातावर चालले. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. फलकावर मुंडासे बांधलेला पुरुष उभा केला की जिल्ह्यातील शेतीचे निम्म्याहून अधिक श्रम चित्राबाहेर जातात आणि दीडशे वर्षांच्या स्थलांतराचा इतिहासही त्यांच्यासोबत जातो.

१७/
येथपर्यंत प्रश्न खरेखोट्याचा होता. पण जनजागृतीच्या फलकात वेश हाच पुष्कळदा संदेश असतो आणि तेथे चूक झाली की ती इजा करते. एक प्रकरण नीट तपासू: लेप्टोस्पायरोसिस. कोकणात पावसाळ्यात या रोगाचा धोका असतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून त्याचे जिवाणू पाण्यात आणि चिखलात उतरतात. पायावरच्या जखमेतून, खरचटलेल्या किंवा पाण्यात राहून मऊ पडलेल्या कातडीतून ते शरीरात शिरतात. भाताच्या खाचरात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात: बांधातील बिळांत उंदीर, शेतात राबणारी गुरे आणि दिवसभर पाण्यात बुडालेले उघडे पाय.

१८/
लागण झाल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. डोके दुखते, डोळे लाल होतात आणि स्नायू, विशेषतः पोटऱ्या, फार दुखतात. लावणीच्या दिवसांत पोटऱ्या दुखणे हे कोणालाच नवे वाटत नाही. येथेच घात होतो. कामाचा शीण म्हणून दुखणे अंगावर काढले जाते आणि काहींच्या बाबतीत कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे येथपर्यंत मजल जाते. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर हा रोग बरा होतो. म्हणून फलकाचे सारे काम एकच आहे: चिखलात पाय असलेल्या माणसाला तापाच्या पहिल्या दिवशी दवाखान्यात पोचवणे.

१९/
आता या फलकावर धुळकट काठाचा शेतकरी उभा करून पाहावा. पोटऱ्या धोतराखाली झाकल्या गेल्या. पाय कोरड्या जमिनीवर आले. पाणी नाहीसे झाले. रोग जेथून शिरतो ती कातडी आणि ज्यातून शिरतो तो चिखल, दोन्ही चित्रातून गेले आणि उरला एक दीनवाणा चेहरा. खाली अक्षरांत कितीही अचूक मजकूर असला तरी चित्र त्याच्या विरुद्ध बोलते. लावणी करणारी बाई त्या फलकाकडे पाहून म्हणेल की हा दुष्काळी मुलखातला कोणी आहे, त्याचे दुखणे त्याला लखलाभ.

२०/
तोच फलक नीट करायचा तर चित्र गुडघ्यापासून खाली सुरू झाले पाहिजे. खाचरात वाकलेली बाई, साडी वर खोचलेली, पिंढरीपर्यंत चिखलाची रेघ, नडगीवर बांधावरच्या काट्याने ओढलेला ओरखडा. शेजारी दुसरे चित्र: काम संपल्यावर तीच बाई साबणाने आणि स्वच्छ पाण्याने पाय धुते आहे आणि ओरखड्यावर पट्टी आहे. तिसरे चित्र: लाल डोळे, हात पोटरीवर, समोर प्राथमिक आरोग्य केंद्राचे दार. वेशातली प्रत्येक खूण येथे काहीतरी सांगते, फुल्यांच्या शेतकऱ्यावरील शिमग्याच्या डागासारखी.

२१/
उलट दिशेची चूकही टाळायला हवी. काही ठिकाणी शेतकऱ्याला गुडघ्यापर्यंतचे चकचकीत रबरी बूट घालून उभे करण्याचा मोह होतो. वाटेवर, गोठ्यात किंवा गवतात बूट उपयोगी असतात. परंतु चिखलणी केलेल्या खाचरात चिखल बूट धरून ठेवतो, पाय निघतो आणि बूट मागे राहतो. वरून पाणी आत शिरले तर पाय दिवसभर त्याच पाण्यात भिजतो. लावणीत बूट दाखवणारा फलक पाहणाऱ्याला लगेच कळते की फलक करणारा खाचरात कधी उतरलेला नाही. मग त्याच फलकावरचा जखम झाकण्याचा आणि आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घेण्याचा सल्लाही अविश्वसनीय ठरतो.

२२/
या टीकेवर फलककर्त्यांचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. फलक म्हणजे मानववंशशास्त्राचा ग्रंथ नव्हे, रस्त्याने जाणाऱ्याला तो दोन क्षणांत कळावा लागतो, आणि मुंडासे दिसले की शेतकरी कळतो. उत्तरात तथ्य आहे. चिन्हे लागतातच. प्रश्न एवढाच की ते चिन्ह कोणाला कळते. मुंडाशावरून शेतकरी ओळखतो तो शहरातला मनुष्य, ज्याला शेतकरी दुरून पाहायचा आहे. रत्नागिरीच्या माणसाला पाठीवर खोळ घेऊन वाकलेली आकृती अर्ध्या क्षणात कळते, चेहरा न दाखवताही. फलक ज्याच्यासाठी आहे त्याच्या डोळ्यांना ओळखू येईल ते चिन्ह निवडणे, यात वेगाचा तोटा होत नाही.

२३/
दुसरे उत्तर असे दिले जाते की खरा वेश दाखवला तर माणसाचा अपमान होतो, फाटका टी-शर्ट आणि प्लॅस्टिकचा कागद बरा दिसत नाही, त्यापेक्षा फेटा शोभतो. हे उत्तर अधिक धोकादायक आहे. त्याचा अर्थ असा की शेतकऱ्याचे श्रम मान्य, पण त्याचे आजचे कपडे अमान्य. त्याने शंभर वर्षांपूर्वीच्या, तेही दुसऱ्या मुलखातल्या वेशात उभे राहिले तरच तो शोभून दिसतो. धुळीचे हात मात्र या वेशावर आवर्जून मारले जातात, कारण गरिबी दिसली पाहिजे. कपडे शोभेचे आणि मळ खोटा, असा हा सौदा आहे.

२४/
इतिहासाची आवड असणाऱ्यांना जुनी वा नवी अशी चित्रे तपासता आली पाहिजेत. सुरुवात मळापासून करावी. खरा मळ कामाच्या जागी जमतो: गुडघा, मांडी, पाठीचा घामाचा पट्टा, नखांच्या कडा. काठावर सगळीकडे सारखा पसरलेला आणि नखे स्वच्छ असलेला मळ हाताने लावलेला असतो. मग कापडाच्या घड्या पाहाव्यात. नव्या फेट्यावर दुकानातली घडी दिसत असेल तर तो सकाळीच आणलेला आहे. शेवटी पाय आणि जमीन यांचा जोड पाहावा. सावली एका दिशेला आणि मागच्या झाडांची दुसऱ्या दिशेला असेल, किंवा चिखलात उभ्या पायांभोवती पाणी हललेले नसेल, तर जॉन्सनची युक्ती अजून चालू आहे असे समजावे.

२५/
हे तपासताना एक मर्यादा लक्षात ठेवावी. वेश घातलेला असणे म्हणजे चित्र आपोआप खोटे होत नाही. फुल्यांचा वेशही घातलेलाच होता. जुन्या छायाचित्रांतही पुष्कळ माणसे आपला चांगला कपडा स्वतःच्या इच्छेने घालून उभी राहिली, आणि त्यांनी स्वतःला कसे दाखवायचे ठरवले हाही इतिहासच आहे. विचारायचा प्रश्न असा: हा कपडा कोणी निवडला, आणि ज्याच्या अंगावर तो आहे त्याला तो बदलता आला असता का?

२६/
रत्नागिरीच्या फलकांना हा प्रश्न लावला तर उत्तर स्पष्ट मिळते. मुंडासे, धोतर आणि काठावरची धूळ यांतली एकही गोष्ट येथील बाईने वा पुरुषाने निवडलेली नाही. १९३८ मध्ये ज्यांचे आजे-पणजे मोर्चाने मुंबईला गेले आणि आपली मागणी आपल्या तोंडाने मांडून आले, त्यांच्या नातवंडांना आज फलकावर उसना वेश घालून गप्प उभे केले जाते. पुढच्या जून महिन्यात कोणा संस्थेला भातशेतीवर फलक काढायचा असेल, तर तिने वेशाची पेटी उघडण्याआधी एखाद्या खाचराच्या बांधावर जाऊन लावणीला आलेल्या बायकांना विचारावे की चित्रात काय असले पाहिजे. त्यांचे पहिले उत्तर पायांविषयी असण्याची शक्यता दाट आहे.